घोड्याची लाथ आणि अचूकतेची हद्द

१८९८ साली लाइपझिगमध्ये एक पातळसं जर्मन पुस्तक निघालं. नाव होतं ‘छोट्या संख्यांचा नियम’ आणि लेखक लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच. सेंट पीटर्सबर्गमध्ये वाढलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्याची कागदपत्रं चाळून एक विचित्र यादी केली होती: १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, कोणत्या वर्षी, कोणत्या कोअरमध्ये. एकूण चौदा कोअर होत्या. त्यांपैकी गार्ड कोअर आणि आणखी तिघींची रचना इतरांपेक्षा वेगळी, म्हणून त्या चार बाजूला काढल्या की दहा उरतात. दहा कोअर गुणिले वीस वर्षं म्हणजे २०० नोंदी.

या २०० नोंदींपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिघींमध्ये तीन आणि एकीत चार. बेरीज १२२ मृत्यू, म्हणजे दर कोअरला दर वर्षी सरासरी ०.६१. फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या सूत्रात हा ०.६१ घातला, तर शून्य मृत्यूंच्या नोंदी सुमारे १०९, एकाच्या ६६, दोनच्या २० याव्यात असं उत्तर मिळतं. प्रत्यक्षाशी ते इतकं जुळतं की संख्याशास्त्राच्या वर्गात ही बिचारी माणसं गेली सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा मरत आली आहेत.

बोर्टकिएविचला दाखवायचं होतं ते एवढंच, की दुर्मीळ घटनासुद्धा नियमाने वागतात. पण या यादीत आणखी एक प्रश्न दडलेला होता. ०.६१ हा आकडा वीस वर्षांच्या नोंदींतून निघाला. खरा दर, ज्याला आपण λ म्हणू, तो ०.५५ असेल किंवा ०.६५ही असेल. वेगळी वीस वर्षं हाती आली असती तर सरासरी वेगळी आली असती. हा अंदाज किती डळमळीत आहे? आणि सरासरीपेक्षा हुशार एखादी रीत वापरून तो कमी डळमळीत करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. प्वासाँच्या नियमाचं वैशिष्ट्य असं की त्यात सरासरी आणि व्हेरियन्स, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरटपणाचं माप, दोन्ही λच असतात. n नोंदींच्या सरासरीचा व्हेरियन्स म्हणून λ/n. इथे ०.६१ भागिले २००, म्हणजे ०.००३०५, आणि त्याचं वर्गमूळ ०.०५५. तेव्हा अंदाज ०.६१, त्यात चूक साधारण ०.०५५ची.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र जवळजवळ अर्धं शतक लागलं.

दुसरी रीत सुचणं अवघड नव्हतं. व्हेरियन्सही λच असेल, तर सरासरी काढण्याऐवजी नोंदींचा व्हेरियन्स काढावा. तोही λचाच अंदाज. घोड्यांच्या आकड्यांवर तो ०.६११ येतो. सरासरी ०.६१ आणि हा ०.६११, म्हणजे दोन्ही रीती सारख्याच चांगल्या, असं कुणालाही वाटेल. पण एकदा उत्तर जुळलं म्हणजे रीत भरवशाची ठरत नाही. व्हेरियन्सवरून काढलेल्या अंदाजाचा स्वतःचा व्हेरियन्स λ/n + २λ²/(n−१) इतका असतो. आकडे घातले तर ०.००६८, म्हणजे चूक ०.०८२ची. सरासरीने २०० नोंदींत जे साधलं ते या रीतीने साधायला सुमारे ४४५ नोंदी लागतील. प्रशियाच्या दहा कोअरना आणखी चोवीस-पंचवीस वर्षं घोडे पाळावे लागले असते.

अशा रीतींची तुलना करायची एक सर्वसाधारण फूटपट्टी असावी, हा विचार रोनाल्ड फिशर यांचा. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेतकी प्रयोगकेंद्रात ते १९१९ साली रुजू झाले. तिथे मोजणीचा प्रश्न रोजचा होता. मातीतले जिवाणू मोजायचे तर मातीचं पातळ द्रावण काचेच्या ताटल्यांवर वाढवून वसाहती मोजायच्या. एकाच द्रावणाच्या ताटल्यांवरचे आकडे प्वासाँच्या नियमाने पसरतात का, हे थॉर्न्टन आणि मॅकेन्झी या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तपासलं आणि १९२२ साली छापलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा संख्याशास्त्राच्या गणिती पायांवरचा मोठा निबंध आला आणि १९२५ साली केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा पुढचा भाग. ‘माहिती’ ही मोजता येणारी राशी या निबंधांतून आकाराला आली.

फिशर यांनी प्रश्न उलटा केला. अंदाज कसा काढावा हे नंतर पाहू. आधी सांगा, हाती आलेली नोंद λबद्दल किती बोलते? λ जराशी हलवली तर हीच नोंद मिळण्याची शक्यता किती झपाट्याने बदलते? शक्यता फारशी बदलत नसेल, तर ती नोंद λच्या दोन जवळच्या किमतींत फरकच करू शकत नाही. मग तिच्यातून कुठल्याही युक्तीने बारकावा निघणार नाही.

प्वासाँसाठी हे करून पाहू. x मृत्यू होण्याची शक्यता e^(−λ)·λ^x/x! इतकी असते. तिचा लॉगरिदम −λ + x·log λ − log x! असा येतो. λ हलवल्यावर हा लॉगरिदम किती वेगाने बदलतो ते कलनाने काढलं, तर उरतं (x/λ) − १. याला स्कोअर म्हणतात. x नेमका λइतका आला तर स्कोअर शून्य. जास्त आला तर धन, म्हणजे नोंद म्हणते λ वर सरकवा. कमी आला तर ऋण, म्हणजे खाली सरकवा. सगळ्या शक्यतांवर सरासरी काढली तर हे ओढणं एकमेकांना छेदतं आणि शून्य उरतं. उरतो तो स्कोअरचा व्हेरियन्स. x चा व्हेरियन्स λ, त्याला λ² ने भागायचं, म्हणजे १/λ. एका नोंदीतली फिशर-माहिती ही. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर माहितीची सरळ बेरीज होते: n नोंदींत n/λ. घोड्यांच्या यादीत ती २०० भागिले ०.६१, म्हणजे सुमारे ३२८.

आता λ मोठी झाली की माहिती कमी होते, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. जास्त मृत्यू म्हणजे जास्त पुरावा, नाही का? आहेच, पण इथे चूक मोजली जाते ती λच्याच एककात, टक्क्यांत नाही. टक्क्यांत मोजली तर चूक १/√(nλ) येते, आणि nλ म्हणजे साधारण एकूण मृत्यूच. १२२चं वर्गमूळ ११ ठरतं, म्हणून अंदाजात नऊ टक्क्यांची चूक. वर्षं किती आणि कोअर किती याने टक्केवारीतल्या अचूकतेला फरक पडत नाही. लाथा किती बसल्या यानेच पडतो. 

फिशर यांचा दावा असा होता की नमुना खूप मोठा असेल, तर कुठल्याही नीट वागणाऱ्या अंदाजाचा व्हेरियन्स या माहितीच्या व्यस्तापेक्षा, म्हणजे इथे λ/n पेक्षा, खाली जाऊ शकत नाही. आपली सरासरी नेमकी तिथेच उभी आहे. पण ‘खूप मोठा’ या दोन शब्दांत सगळी मेख होती. २०० म्हणजे मोठा का? पाच? फिशर यांची मांडणी n अनंताकडे जाताना काय होतं ते सांगत होती. प्रयोगशाळेत मात्र कुणाकडेच अनंत ताटल्या नसतात.

इथे गोष्ट कलकत्त्याला येते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू केली, तिचा संसार प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातच मांडलेला होता. फिशर १९३८च्या जानेवारीत तिथल्या संख्याशास्त्र परिषदेला येऊन गेले होते, त्यामुळे त्यांचे निबंध इथे आवर्जून वाचले जात. १९४१मध्ये कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्राचं एम. ए. सुरू केलं. पहिल्या तुकडीतले कल्यमपुडी राधाकृष्ण राव १९४३मध्ये उत्तीर्ण झाले आणि लगेच तिथेच शिकवू लागले. युद्ध चालू होतं, बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती, आणि तेवीस वर्षांचे राव अंदाजाच्या सिद्धांतावर तास घेत होते.

वर्गात एक मराठी विद्यार्थी होता: साताऱ्याचे विनायक महादेव दांडेकर. हेच पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर, ज्यांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. वय पाहिलं तर ते आपल्या शिक्षकापेक्षा दोन महिन्यांनी मोठेच. राव यांनी फिशर यांचा मोठ्या नमुन्याचा निष्कर्ष फळ्यावर मांडला, तेव्हा दांडेकरांनी विचारलं की नमुना लहान असेल तर अशी मर्यादा सिद्ध करता येईल का. ही हकिगत राव यांनीच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले.

ते उत्तर इतकं आखूड आहे की आज ते वाचताना रात्र कशाला लागली असं वाटावं. समजा T ही λचा अंदाज काढायची कोणतीही रीत आहे, अट एकच: ती निःपक्ष असावी. म्हणजे λ काहीही असो, T ची दीर्घ सरासरी λच यावी. ‘λ काहीही असो’ हेच यातलं हत्यार. समीकरण λच्या प्रत्येक किमतीला खरं आहे, तर दोन्ही बाजूंचं λच्या संदर्भात कलन घेता येतं. उजवीकडे λ होती, तिथे १ येतो. डावीकडे शक्यतेचं कलन येतं, आणि ते म्हणजे शक्यता गुणिले स्कोअर. म्हणून T आणि स्कोअर यांच्या गुणाकाराची सरासरी १ ठरते. स्कोअरची स्वतःची सरासरी शून्य असल्यामुळे हाच त्या दोघांचा सहव्हेरियन्स. कोणत्याही दोन राशींच्या सहव्हेरियन्सचा वर्ग त्यांच्या व्हेरियन्सच्या गुणाकारापेक्षा मोठा नसतो, हे कोशी आणि श्वार्त्झ यांच्या काळापासून माहीत होतं. तेव्हा १ ≤ T चा व्हेरियन्स × फिशर-माहिती. प्वासाँमध्ये माहिती n/λ, म्हणून T चा व्हेरियन्स λ/n पेक्षा कमी असूच शकत नाही.

यात n मोठा असण्याची गरज कुठेच लागली नाही. n एक असला तरी चालेल.

आणि सरासरी ही हद्द गाठते ती योगायोगाने नाही. या असमानतेत बरोबरी केव्हा येते? दोन राशींपैकी एक दुसरीच्या सरळ पटीत असते तेव्हा. २०० नोंदींचा एकूण स्कोअर n(x̄/λ − १) असतो, म्हणजे x̄ − λ हा स्कोअरच्या λ/n पट. सरासरीची चूक म्हणजे स्कोअरच, फक्त मापात बदललेला. त्यामुळे घोड्यांच्या यादीतून λचा सरासरीपेक्षा अचूक निःपक्ष अंदाज कुणीही, कधीही काढू शकणार नाही. व्हेरियन्सवाली दुसरी रीत हिच्या तुलनेत फक्त ४५ टक्के कार्यक्षम ठरते. उरलेली माहिती ती वाया घालवते.

राव यांचा निबंध १९४५मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. अकराच पानं, आणि त्यात ही हद्द म्हणजे फक्त एक भाग होता. दुसरा भाग मला जास्त मोहात पाडतो, कारण हद्द गाठता येत नाही तिथे काय करायचं ते तो सांगतो. तोही घोड्यांवरच पाहू.

समजा आपल्याला λ नको. एखाद्या कोअरचं वर्ष एकही मृत्यू न होता जाण्याची शक्यता हवी आहे, म्हणजे e^(−λ). सरळ रीत अशी की २०० पैकी १०९ नोंदी शून्याच्या, म्हणून उत्तर ०.५४५. ही रीत निःपक्ष आहे, पण तिची चूक ०.०३५ची. फिशर-माहितीची हद्द या राशीसाठी λe^(−२λ)/n येते, वर्गमूळ काढून ०.०३०. व्हेरियन्सच्या हिशेबात शून्यं मोजणारी रीत ७३ टक्केच कार्यक्षम ठरते. जणू २०० नोंदींपैकी ५५ फाडून टाकल्या. कारण उघड आहे: एक मृत्यू आणि चार मृत्यू यांत ती फरकच करत नाही.

राव यांचा मुद्दा असा: एकूण बेरीज, इथे १२२, λबद्दलचं सगळं काही सांगून मोकळी होते. ते १२२ कुठल्या कोअरमध्ये कुठल्या वर्षी मेले हे λला माहीत नसतं. म्हणून कच्ची रीत घ्यावी आणि बेरीज १२२च असेल अशा सगळ्या वाटण्यांवर तिची सरासरी काढावी. १२२ मृत्यूंपैकी प्रत्येक जण एका ठरावीक नोंदीत न पडण्याची शक्यता १९९/२००. सगळे १२२ तिला चुकवतील याची शक्यता (१९९/२००)चा १२२वा घात, म्हणजे ०.५४२५. हा अंदाज निःपक्ष आहे आणि त्याचा व्हेरियन्स हद्दीपेक्षा जेमतेम ०.१५ टक्क्याने जास्त. तो हद्दीला टेकत नाही, n कितीही घ्या. तरी निःपक्ष रीतींत याहून चांगली नाही. हद्द म्हणजे गाठता येणारं ठिकाण असंच काही नाही, हे इथे स्वच्छ दिसतं. डेव्हिड ब्लॅकवेल यांनी १९४७मध्ये स्वतंत्रपणे हीच युक्ती मांडली आणि ती दोघांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

निःपक्षपणाच्या अटीचं मात्र फार कौतुक करू नये. प्वासाँच्याच घरात तिची फजिती करणारं उदाहरण आहे. एकाच वर्षाची नोंद हाती आहे आणि सलग दोन वर्षं मृत्यूविना जाण्याची शक्यता, e^(−२λ), हवी आहे. याचा निःपक्ष अंदाज एकच निघतो: मृत्यू समसंख्येने झाले असतील तर १ म्हणा, विषम असतील तर उणे १. चार मृत्यू झाले तर ‘दोन वर्षं शांततेत जाणारच’, आणि एक झाला तर शक्यता उणे एक! दीर्घ सरासरी बरोबर येते, प्रत्येक उत्तर मात्र मूर्खपणाचं. थोडा पक्षपात पत्करून e^(−२x) म्हटलं तरी माणसासारखं उत्तर मिळतं. राव यांची हद्द अशा पक्षपाती रीतींना जशीच्या तशी लागू होत नाही, आणि व्यवहारात पुष्कळदा त्याच बऱ्या असतात.

युद्धाने टपाल तोडलं नसतं तर कदाचित हा शोध एकाच्याच नावावर राहिला असता. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमधून मोरिस फ्रेशे यांनी १९४३मध्येच अशी असमानता छापली होती. जॉर्ज दार्म्वा यांनी १९४५मध्ये ती अनेक राशींसाठी वाढवली. एडिंबराचे एटकिन आणि सिल्व्हरस्टोन १९४२मध्ये अगदी जवळ आले होते. तटस्थ स्वीडनमध्ये हाराल्ड क्रामेर आपला मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यात ती आली आणि १९४६मध्ये प्रिन्स्टनने तो ग्रंथ इंग्रजी जगात नेला. नाव रूढ झालं ते क्रामेर-राव असमानता. एवढे वाटेकरी पाहून लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५४मध्ये सुचवलं की तिला नुसतं ‘माहिती-असमानता’ म्हणावं. सूचना रास्त होती. फारशी चालली नाही. राव १९४६मध्ये केंब्रिजला गेले आणि १९४८मध्ये फिशर यांच्याच हाताखाली डॉक्टर झाले.

हद्द काढताना एक गोष्ट गृहीत धरली होती: नियम प्वासाँचाच आहे. तो नसेल तर λ/n या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि सूत्र स्वतःहून तसं ओरडून सांगत नाही. तपासायची रीत फिशर यांच्या जिवाणूंच्या निबंधातच आहे. प्रत्येक नोंदीचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्याचा वर्ग करा, बेरीज करा, सरासरीने भागा. नियम प्वासाँचा असेल तर उत्तर n−१च्या आसपास यावं. घोड्यांसाठी ते १९९.३ येतं, अपेक्षा १९९ची. इतकं जुळणारं उदाहरण क्वचितच सापडतं. आकडा फार मोठा आला तर कोअर एकसारख्या नाहीत. जिवाणूंच्या ताटल्यांवर तो फार लहान आला तर वसाहती एकमेकींना वाढू देत नाहीत.

हा लहान आकड्याचा प्रकार दांडेकरांनी पुढे स्वतः हाताळला. १९५५मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनी द्विपद आणि प्वासाँ नियमांची सुधारित रूपं मांडली, ज्यांत एक घटना घडली की काही काळ दुसरी घडूच शकत नाही. अपत्यजन्म मोजताना हेच असतं: गर्भ राहिल्यावर बरेच महिने दुसरा राहू शकत नाही. आकडे घेऊन पाहू, ते केवळ हिशेबापुरते. मोकळ्या काळात वर्षाला ०.५चा दर आणि प्रत्येक घटनेनंतर दीड वर्षाचा बंद काळ धरला, तर वीस वर्षांत दहाऐवजी ५.७ घटना मिळतात आणि संख्येचा व्हेरियन्स सरासरीच्या एक तृतीयांशावर येतो. इतकी एकसारखी संख्या पाहून अंदाज फार अचूक आहे असं वाटावं. पण बंद काळातली वर्षं दराबद्दल काहीच सांगत नाहीत. निरीक्षणाला मोकळी उरतात ती वीसपैकी साडेअकराच. फिशर-माहिती त्याच प्रमाणात घटते, आणि दराच्या अंदाजाची खरी हद्द प्वासाँच्या हद्दीच्या पावणेदोन पट होते.